वसुलीचं परिपत्रक आणि आबांचे ऐंशी हजार

परिपत्रक दीड पानाचं होतं, पण आबांनी लाल पेनाने खूण केली होती ती एकाच वाक्यावर: ‘प्रमाणाचे उल्लंघन करून झालेला खर्च संबंधितांकडून वसूलपात्र राहील.’ मी पंचायत समितीत कनिष्ठ सहाय्यक म्हणून नुकताच लागलो होतो. आबा शेजारच्या गावचे सरपंच, माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मला साहेब म्हणायचे.

“साहेब, ऐंशी हजार मला खिशातून भरावे लागणार. ग्रामसेवक म्हणतात थांबा, बघू. मला झोप नाही.”

आकडा कुठून आला विचारल्यावर त्यांनी वहीचा कागद पुढे केला. पंधराव्या वित्त आयोगाचे आठ लाख आले होते. परिपत्रकात साठ टक्के बंधित, चाळीस टक्के अबंधित असं प्रमाण दिलेलं. बंधित म्हणजे निम्मे स्वच्छतेला, निम्मे पिण्याच्या पाण्याला आणि जलसंधारणाला. अबंधित म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार आणि आस्थापना सोडून. आठ लाखांचे चाळीस टक्के तीन लाख वीस हजार, आणि आबांनी अबंधित म्हणून चार लाख खर्च केलेले. हिशेब बरोबर होता. प्रमाण मात्र त्या पैशांना लागू आहे का, हे त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहायचं ठिकाण मजकुरात नव्हतंच.

मी आधी ‘वाचा’ या शीर्षकाखालचे संदर्भ पाहिले. लोक ते सोडून थेट मजकुरावर जातात, आणि खरी गोष्ट तिथेच असते. संदर्भ क्रमांक एक होता २०२०-२१ च्या निधीचा शासन निर्णय, क्रमांक दोन त्यानंतरचा. परिपत्रकातलं सगळ्यात अवघड वाक्य असं होतं: ‘संदर्भ क्र. २ अन्वये विहित प्रमाण, संदर्भ क्र. १ अंतर्गत प्राप्त अनुदान वगळून, लागू राहील.’ दोन स्वल्पविरामांच्या मधला तुकडा वाचताना निसटला की सगळा अर्थ उलटतो. आबांचा निसटला होता.

शासन निर्णयांवर लांबलचक संगणक सांकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. संकेतस्थळावर तो टाकून दोन्ही निर्णय काढले. पहिल्यात निम्मं-निम्मं, दुसऱ्यात साठ-चाळीस, २०२१-२२ पासून.

“म्हणजे माझे पैसे जुने?” आबांनी विचारलं.

“ते आता बघू. तुम्ही खर्च कधी केला?”

“पुढच्या वर्षी. पावसाळ्यानंतर.”

आबांच्या मनातली गाठ इथेच होती. खर्च २०२१-२२ मध्ये झाला म्हणून त्यांनी नवं प्रमाण लावलं. पण अट खर्चाच्या वर्षाला नाही, अनुदान ज्या वर्षाचं त्या वर्षाला होती. वर्ष बँकेच्या पासबुकावरून कळत नाही. तिथे फक्त जमा झाल्याची तारीख असते, आणि हप्ते उशिराच येतात. खात्री करायची तर जिल्हा परिषदेचा निधी वितरण आदेश लागतो. त्यात वर्ष, हप्ता आणि बंधित की अबंधित हे स्वच्छ लिहिलेलं असतं. आमच्या लेखा शाखेच्या फायलीत तो सापडला: वर्ष २०२०-२१, बंधित चार लाख, अबंधित चार लाख. मी बोट ठेवून दाखवलं तेव्हा आबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “हे वरती मोठ्या अक्षरांत का नाही लिहीत?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तरी मी व्हाउचरांची यादी मागितली. प्रमाण बरोबर असलं तरी बाब चुकलेली असू शकते. बंधितमध्ये दोन लाखांचे शोषखड्डे आणि दोन लाखांची पाइपलाइन, दोन्ही ठीक. अबंधितमध्ये तीन लाख अठ्ठ्याऐंशी हजारांचा पेव्हर ब्लॉकचा रस्ता, आणि बारा हजार शिपायाचं मानधन.

“आबा, रस्ता चालेल. मानधन नाही चालत.”

त्यांचा चेहरा पुन्हा उतरला. पण ही रक्कम ऐंशी हजार नव्हती आणि त्यांच्या खिशातूनही जाणार नव्हती. शिपायाचं मानधन ग्रामनिधीतून द्यायचं असतं. म्हणून बारा हजार ग्रामनिधीतून वित्त आयोगाच्या खात्यात परत भरायचे आणि मासिक सभेत तसा ठराव घ्यायचा. विस्तार अधिकाऱ्यांना विचारून घेतलं, त्यांनीही तेच सांगितलं.

मग अनुपालन अहवाल लिहायला बसलो. सुरुवातीला वितरण आदेशाचा क्रमांक आणि वर्ष टाकलं, म्हणजे वाचणाऱ्याला प्रमाणाचा प्रश्न पडणारच नाही. त्याखाली कामनिहाय खर्च, आणि शेवटी मानधनाची रक्कम परत भरल्याची नोंद, चलनाच्या प्रतीसह. ही नोंद लपवू नका, असं मी आबांना बजावलं. लेखापरीक्षणात ती निघाली तर आक्षेप लागतो, स्वतःहून दाखवली तर तो तिथेच मिटायची शक्यता असते.

ग्रामसेवकांची सही आणि चलन घेऊन आबा आठवड्याभराने आले, आवक शिक्का मारून घेतला आणि पोच दोनदा वाचून खिशात ठेवली. जाताना त्यांच्या शेजारच्या गावच्या सरपंचबाईंचं पत्र माझ्या टेबलावर ठेवून गेले. त्यातही तेच वाक्य अधोरेखित होतं.