‘आपला’ लघुप्रबंध

मी मुद्रितशोधक आहे. बरीचशी कामं पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची असतात. त्या दुपारी आलेली मुलगी मात्र एकच पान घेऊन आली होती. मालवणकडची, मराठीत एम. ए. झालेली. पीएच. डी.साठी एका विद्यापीठात अर्ज करत होती आणि त्यासाठी तिला एम. ए.च्या मार्गदर्शक सरांचं शिफारसपत्र हवं होतं. चार वर्षांत सरांशी बोलणं नव्हतं. “ताई, शुद्धलेखन तेवढं बघा. सर मराठीचे आहेत, चूक गेली तर लाज वाटेल,” ती म्हणाली.

शुद्धलेखनाच्या चुका पाच मिनिटांत निघाल्या. मायना ‘आदरनीय सर’ असा होता. र च्या नंतर आल्यामुळे संस्कृतात इथे न चा ण होतो, म्हणून ‘आदरणीय’. ‘माननीय’मध्ये र नाही, तिथे न तसाच राहतो. सहीच्या वर ‘आपली विद्यार्थीनी’ होतं, त्याची ‘विद्यार्थिनी’ केली. ही चूक तर छापील पत्रिकांतही रोज दिसते.

मी अडले ते दुसऱ्या परिच्छेदात. तिनं लिहिलं होतं, “मी आपला लघुप्रबंध आपल्या मार्गदर्शनाखाली पूर्ण केला.” तिच्या मनात पहिला ‘आपला’ म्हणजे ‘स्वतःचा’. हिंदीत तिथे ‘अपना’ चालतं. पण इथे सबंध पत्रभर सरांना ‘आपण’ म्हटलेलं आहे. त्यामुळे वाचणाऱ्याला अर्थ लागतो तो ‘सर, तुमचा लघुप्रबंध मी पूर्ण केला’ असा! मी तिला वाक्य मोठ्यानं वाचायला लावलं. वाचता वाचताच ती थांबली आणि तिनं स्वतःच पेन घेऊन ‘माझा’ लिहिलं. आदरार्थी ‘आपण’ वापरायचं ठरलं, की पत्रातला प्रत्येक ‘आपला’ सरांचाच ठेवावा लागतो. स्वतःचं जे असेल त्याला ‘माझं’च म्हणायचं, त्यात उद्धटपणा काही नाही.

त्याखाली तीन ओळी सरांची स्तुती होती: ज्ञानसागर, ऋषितुल्य, दीपस्तंभ. आणि लगेच, “मला आपल्याकडून शिफारसपत्र पाहिजे आहे. आपल्या सवडीने २८ तारखेच्या आत पाठवावे.” खरा अनादर इथे होता, आणि तिला तो दिसत नव्हता. ‘पाहिजे आहे’ आपण दुकानात म्हणतो. शिवाय सवड सरांची आणि तारीख आपली, असं एकाच वाक्यात कसं बसेल? नुसतं ‘लिहावे, ही नम्र विनंती’ केलं असतं तरी व्याकरण बरोबर झालं असतं. पण त्यात नाही म्हणायला जागा उरत नाही. चार वर्षांनी विद्यार्थिनी नीट आठवत नसेल, तर सरांना नाही म्हणता आलं पाहिजे. मनाविरुद्ध लिहिलेलं कोमट पत्र तिच्याच अर्जाला बाधलं असतं. म्हणून वाक्य असं केलं: “माझ्यासाठी शिफारसपत्र लिहिणे आपल्याला शक्य होईल का? अर्जाची मुदत २८ तारखेची असल्याने त्याच्या आत ते मिळावे, अशी विनंती आहे. शक्य नसल्यास कृपया तसे कळवावे.”

स्तुतीच्या तीन ओळी काढायला ती तयार होईना. “काढल्या तर कोरडं नाही वाटणार?”

मी विचारलं, “सरांना तू कशावरून आठवशील?”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “रापणीवरून.” लघुप्रबंध मालवणी बोलीतल्या मासेमारीच्या शब्दांवर होता. तिनं ‘रापण’चा अर्थ ‘किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं’ एवढाच दिला होता. सरांनी तिला परत गावी पाठवलं. तिथे कळलं, की जाळं मिळून ओढणाऱ्या माणसांचा संघ म्हणजेही रापण. ते पान तिनं पुन्हा लिहिलं होतं.

ज्ञानसागराच्या जागी आम्ही ही हकिगत दोन वाक्यांत घातली. सरांना पत्रात लिहिण्याजोगं काहीतरी हाताशी मिळालं, आणि ती त्यांचं शिकवणं विसरलेली नाही हेही विशेषणाशिवाय पोहोचलं. खाली लघुप्रबंधाचं शीर्षक, वर्ष, कुठल्या विषयासाठी अर्ज आहे आणि पत्र विद्यापीठाकडे कसं पोहोचवायचं ते लिहिलं. शेवट ‘कळावे’ आणि ‘आपली विद्यार्थिनी’. ‘लोभ असावा’ तिनं घातलं होतं, ते राहू दिलं. तिच्या तोंडी ते शोभत होतं.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. सरांचं उत्तर आलं होतं, ते तिनं वाचून दाखवलं: “अवश्य लिहितो. रापणीचे ते प्रकरण पाठव. आणि २८ च्या आत म्हणजे २८ धरून की २७ पर्यंतच, ते कळव.”

तो ‘आत’ माझ्या नजरेखालून दोनदा गेला होता. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पत्रात मी मुदतीपुढे वार आणि वेळ लिहून घेते.