आधी बरोबरीच्या नोंदींचं बघा

"डेटा छोटा असेल तर कुठली सॉर्ट, प्रचंड असेल तर कुठली, आणि जवळजवळ लागलेला असेल तर? क्विकसॉर्टच सगळ्यात वेगवान ना?"

वेगाकडे मी सगळ्यात शेवटी बघतो. याला कारण दूध संस्थांच्या बिलांचं सॉफ्टवेअर लिहिताना माझ्याकडून झालेली एक चूक आहे.

संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध येतं. प्रत्येक नोंदीत सभासद क्रमांक, वेळ, लिटर आणि फॅट असतं, आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. नोंदी येतात वेळेनुसार, बिलासाठी मात्र त्या सभासदवार लावाव्या लागतात. हे काम मी ब्राउझरमध्येच करत होतो:

```
rows.sort((a, b) => a.member - b.member);
```

आठ नोंदी घेऊन तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं. गावात एका बिलाच्या 2,800 नोंदी होत्या. तिथे एका सभासदाने कागद पुढे केला: त्याच्या बिलात सहा तारखेची संध्याकाळ चार तारखेच्या सकाळच्या आधी छापली होती. एकूण लिटर बरोबर होते, पण क्रम विस्कटला होता. ज्याला स्वतःच्या वहीशी एकेक ओळ ताडून बघायची आहे त्याच्या दृष्टीने ते बिल चुकीचंच होतं.

त्या वेळच्या क्रोम ब्राउझरमध्ये दहापर्यंतच्या यादीला इन्सर्शन सॉर्ट लागायची आणि त्याहून मोठ्या यादीला क्विकसॉर्ट. इन्सर्शन सॉर्ट पत्ते हातात लावल्यासारखी चालते. नवी नोंद तिच्याहून मोठ्या नोंदींना मागे टाकत पुढे सरकते आणि बरोबरीची नोंद दिसली की तिच्या मागे थांबते. त्यामुळे एकाच सभासदाच्या नोंदी आल्या त्याच क्रमाने राहतात. यालाच स्टेबल म्हणतात. क्विकसॉर्ट लांबलांबच्या नोंदींची अदलाबदल करते, म्हणून बरोबरीच्या नोंदींचा क्रम तिच्यात टिकत नाही. माझ्या आठ नोंदींच्या चाचणीत ही चूक दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिथे वेगळीच पद्धत धावत होती. 2019 च्या प्रमाणकापासून जावास्क्रिप्टची `sort` स्टेबल असणं बंधनकारक झालं आहे. तरी क्रम महत्त्वाचा असेल तर मी तो तुलनेतच लिहून टाकतो:

```
rows.sort((a, b) => a.member - b.member || a.seq - b.seq);
```

इथे `seq` म्हणजे नोंद आली तेव्हाचा अनुक्रमांक. चाचणीलाही तोच उपयोगी पडतो: सॉर्ट झाल्यावर एकाच सभासदाच्या नोंदींमध्ये `seq` कुठे उलटा गेला का, एवढंच बघायचं. चाचणीची यादी मात्र काही हजारांची हवी.

आता जवळजवळ लागलेल्या डेटाकडे येऊ. इथे "जवळजवळ" या शब्दानेच फसगत होते, म्हणून जरा थांबतो.

इन्सर्शन सॉर्टला किती काम पडेल हे उलट्या जोड्यांवर ठरतं, म्हणजे यादीत मोठी नोंद लहान नोंदीच्या आधी आहे अशा जोड्या किती, यावर. प्रत्येक उलट्या जोडीमागे एक सरकवणं. समजा, 2,800 नोंदी वेळेनुसार लागलेल्या आहेत, फक्त एका संध्याकाळी यंत्राचं नेटवर्क गेलं आणि 20 नोंदी उशिरा आल्या. त्या प्रत्येकीला साधारण 300 घरं मागे जायचंय. म्हणजे 6,000 सरकवणी, आणि नुसतं यादीवरून जाण्याच्या 2,800 तुलना. सगळं मिळून नऊ हजारांच्या आत. तीच यादी साध्या मर्ज सॉर्टला दिली, तर ती आधीचा क्रम न बघता तीस हजारांच्या आसपास हिशोब करेल, वर दुसऱ्या यादीएवढी जागा मागेल. इथे इन्सर्शन सॉर्ट उत्तम.

पण अनेक गावांच्या एकत्रित यादीत काय होतं बघा. 50,000 नोंदी क्रमाने लागलेल्या आहेत, आणि एका गटाच्या त्याच दहा दिवसांच्या 10,000 नोंदी शेवटी एकदम येऊन चिकटल्या. त्याही आपापसात क्रमाने आहेत. डोळ्यांना ही यादी पहिल्या यादीइतकीच नीटनेटकी वाटते. पण आता प्रत्येक नोंदीला सरासरी 25,000 घरं मागे जायचंय, म्हणजे 25 कोटी सरकवणी. स्क्रीन गोठते ती इथे.

ही यादी टिमसॉर्टची आहे. टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये पायथनसाठी ती लिहिली. ती आधी यादीवरून चालत जाते आणि आपोआप लागलेले सलग तुकडे ओळखते. इथे तिला दोनच तुकडे सापडतात. मग त्यांची एकदा गुंफण केली की काम संपलं, लाख-सव्वा लाख तुलनांत. जादा जागाही फक्त लहान तुकड्यापुरती लागते, म्हणजे 10,000 नोंदींच्या निर्देशांची. वर ती स्टेबल आहे. सापडलेला तुकडा फारच छोटा असेल, तर ती तो इन्सर्शन सॉर्टनेच वाढवून घेते, कारण तीस-चाळीस नोंदींसाठी त्या साध्या पद्धतीचा खटाटोप सगळ्यात कमी. म्हणून छोट्या यादीसाठी वेगळं काही लिहायची गरज मला क्वचितच पडते.

क्विकसॉर्टचं खरं बळ जागेच्या काटकसरीत आहे. नुसते आकडे लावायचे असतील, तर एक 42 आणि दुसरं 42 यांत फरकच नसतो. तिथे स्टेबल असण्याला काही अर्थ नाही, आणि जागेवरच्या जागी काम करणारी पद्धत योग्य. जावा नेमकं हेच करते: `int` च्या यादीला क्विकसॉर्टचा एक प्रकार, ऑब्जेक्टच्या यादीला टिमसॉर्ट.

प्रचंड म्हणजे माझ्या लेखी मेमरीत न मावणारं. हजार गावं, गावात 140 सभासद, दिवसाला दोन नोंदी: वर्षाला दहा कोटींहून जास्त ओळी, एका ओळीला साठ बाइट धरले तर सहा जीबी. चार जीबीच्या मशीनवर हे पायथनच्या यादीत भरायला गेलात, तर मशीन डिस्कशी झगडत बसेल. लिनक्सची `sort` इथे स्वतः तुकडे पाडते, एकेक लावून डिस्कवर ठेवते आणि शेवटी गुंफते:

```
LC_ALL=C sort -s -t, -k1,1n -S 1G -T /data/tmp varsh.csv -o bill.csv
```

यातला `-s` विसरू नका. तो नसेल तर सभासद क्रमांक सारखा असलेल्या ओळी ती पूर्ण ओळीतल्या अक्षरांवरून पुन्हा लावते. तारीख 6/4 अशी लिहिली असेल, तर 10/4 तिच्या आधी जाऊन बसते. `-T` ने दिलेल्या जागी मूळ फाइलएवढी तरी जागा मोकळी हवी. शिवाय ती एका वेळी सोळाच तुकडे गुंफते, त्यामुळे `-S` ने दिलेली मेमरी फार कमी ठेवलीत तर सगळा डेटा डिस्कवरून आणखी एकदा फिरतो.

महिन्यांच्या बारा फाइली आधीच सभासदवार लागलेल्या असतील, तर सॉर्ट करायचीच नाही, नुसती गुंफण:

```
LC_ALL=C sort -m -s -t, -k1,1n mahina-*.csv -o bill.csv
```

याला मेमरी जवळजवळ लागतच नाही, आणि बरोबरीच्या ओळी फाइलींच्या क्रमाने येतात. म्हणून नावं `mahina-01` ते `mahina-12` अशी ठेवा. एखादी फाइल लागलेली नसेल, तर `-m` तक्रार न करता चुकीचं उत्तर देते. म्हणून आधी एकेका फाइलीवर `-m` च्या जागी `-c` देऊन आणि `-o bill.csv` काढून बघा. क्रम मोडला असेल तर ती पहिली चुकलेली ओळ दाखवून थांबते.