केबलचं नेट सारखं तुटत असेल तर आधी स्प्लिटर बघा: माझा अनुभव, इंदूर

"हमारी तरफ से लाइन ओके है" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही आठवलं की डोकं तापतं. आम्ही रामबागेत राहतो, नेट केबलवालं. मधूनच मोडेमचा ऑनलाईनचा दिवा लुकलुकायचा आणि नेट गायब. कस्टमर केअरला फोन केला की मोडेम बंद करून चालू करा, मग वाट बघा, मग तक्रार परस्पर बंद झाल्याचा मेसेज. माणूस आलाच तर खांबावरच्या डब्याला मीटर लावून "सिग्नल तो बढ़िया है भिया" म्हणून निघून जायचा. अहो, खांबावर बढ़िया असेलच की, घरात मोडेमपाशी किती पोचतोय ते मोजा ना, पण तेवढंच कोणी करेना!

शेवटी मीच ब्राउझरमध्ये 192.168.100.1 उघडलं, बहुतेक केबल मोडेमचं सिग्नलचं पान तिथेच असतं. येणारा सिग्नल −११ dBmV होता, तो साधारण −७ ते +७ मध्ये हवा. मोडेम उलट पाठवत होता ते ५१ वर, म्हणजे आमच्या मोडेमची जवळपास शेवटची हद्द, त्याहून जोरात त्याला ओरडताच येत नाही. लॉगमध्ये T3 time-out च्या ओळीच ओळी, म्हणजे मोडेमच्या हाकेला पलीकडून उत्तरच येत नव्हतं.

टीव्हीच्या मागे जुना चार तोंडांचा स्प्लिटर, म्हणजे एका केबलचे चार फाटे करणारी डबी, निघाला, टीव्ही याच लाईनवर होता तेव्हाचा. चांगल्या कंपनीचा असला तरी चार तोंडांचा स्प्लिटर जाता-येता दोन्हीकडे ७ dB च्या आसपास खातो, स्वस्तातला त्याहून जास्त. तो काढून केबल थेट मोडेमला लावली, येणारा −४ आणि जाणारा ४४ झाला. टीव्हीही लागणार असेल तर दोन तोंडांचा, ५ ते १००० मेगाहर्ट्‌झ लिहिलेला घ्या. नुसत्या टीव्हीसाठीच्या काही स्प्लिटरमधून खालची फ्रिक्वेन्सी नीट जात नाही आणि मोडेम तीच परत पाठवायला वापरतो.

तुटणं खूप कमी झालं, पण पूर्ण थांबलं नाही. मग खिडकीपाशी जोडावरचा कनेक्टर धरून हलवला तर पानावर SNR, म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नल किती आहे तो आकडा, ३७ वरून २८ वर! कनेक्टर नुसता पिळून बसवलेला, केबलवर गरगर फिरत होता, आतली जाळी धड टेकतच नव्हती. त्या पानाचा फोटो दाखवल्यावर मात्र त्यांच्या माणसानं केबलचं टोक कापून दाबून बसणारा नवा कनेक्टर लावला, पाच मिनिटांचं काम. तेव्हापासून नेट तुटलेलं नाही.

आणि हो, फोटो त्यांच्या सांगण्यावरून मोडेम बंद करायच्या आधीच काढा, रीस्टार्ट झाला की चुकांचे आकडे शून्यावर येतात आणि तुमच्या हातात दाखवायला काही उरत नाही. थेट जोडून आणि घरातले कनेक्टर नीट करूनही आकडे वाईटच असतील तर दोष बहुतेक बाहेरच्या लाईनीत आहे, मग ती दुरुस्त करून घेतल्याशिवाय तक्रार बंद करू देऊ नका.