सेव्हन ऑफ स्वोर्ड्समधला माणूस

गेल्या श्रावणात तीन आठवड्यांत मी टॅरोच्या पत्त्यांना एकच प्रश्न अकरा वेळा विचारला. वहीत नोंदी आहेत म्हणून आकडा सांगू शकते. प्रश्न असा: नवऱ्याचं त्याच्या ऑफिसातल्या त्या नव्या मुलीशी काही चाललंय का? हाताशी पुरावा काहीच नव्हता. रात्री जेवण झाल्यावर तो फोनकडे बघून हसायचा, एवढंच.

पहिल्याच रात्री सेव्हन ऑफ स्वोर्ड्स आला. छावणीतून पाच तलवारी उचलून चवड्यांवर सटकणारा, मान वळवून मागे बघणारा माणूस. पुस्तकातले अर्थ मला पाठ होते: फसवणूक, चोरी. पोटात गोळा आला. खात्री करून घ्यायला वर अजून एक पत्ता काढला, तर मून. म्हणजे लपवाछपवी, ठरलंच. दुसऱ्या रात्री सन, म्हणजे आनंदाचा सूर्य, आला तेव्हा मात्र मला वाटलं, पत्ते नीट पिसले गेले नसतील, आणि मी पुन्हा काढले. पुढे वही चाळताना दिसलं की चांगला पत्ता आला की मी पुन्हा काढत होते आणि वाईट आला की थांबत होते. उत्तर आधीच ठरलेलं होतं, पत्ते फक्त सही करायला बसवले होते.

ज्या ताईंकडे मी टॅरो शिकले त्यांना शेवटी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, या प्रश्नात तू कुठे आहेस?" मी गप्प झाले. "तो काय करतो हे त्यालाच विचारावं लागतं. पैसे गायब होतायत, खोटं उघड सापडलंय, असं काही असेल तर पत्ते बाजूला ठेव आणि समोरासमोर बोल. पण तुझ्याकडे आहे तो मत्सर. तो तुझा आहे, तर त्याच्याबद्दल विचार."

मत्सर हा शब्द मला झोंबला. तोवर मी त्याला संशय म्हणत होते. संशयाला कारण समोरच्यात शोधता येतं.

ताईंनी पाच जागांचा साधा स्प्रेड, म्हणजे पत्ते मांडायची रचना, सांगितला; प्रत्येक जागेला एक प्रश्न. हा मत्सर कुठल्या क्षणी जागा होतो, त्याच्याखाली कसली भीती आहे, ती भीती किती जुनी आहे, तिच्यापायी मी काय करते, आणि माझ्या हातात काय आहे. शिवाय तीन अटी. एकही पत्ता त्याचा किंवा तिचा नाही, सगळे माझे. वर खुलाशाचा पत्ता काढायचा नाही आणि महिनाभर हा स्प्रेड पुन्हा मांडायचा नाही. आणि प्रत्येक पत्त्यासाठी आधी वहीत फक्त चित्रात काय दिसतं ते लिहायचं, अर्थ नंतर. वाक्याचा कर्ता 'तो' किंवा 'ती' झाला की ते वाक्य खोडून 'मी'ने सुरू करायचं.

चित्र लिहायची अट शक्य झाली ती माझ्या डेकमुळे, माझ्याकडच्या पत्त्यांच्या संचामुळे. 1909 मध्ये लंडनमध्ये निघालेल्या रायडर डेकसाठी पामेला कोलमन स्मिथ यांनी आकड्यांच्या छोट्या पत्त्यांवरही माणसं आणि प्रसंग रंगवले. जुन्या मार्सेय पद्धतीच्या पत्त्यांत सात तलवारी म्हणजे नुसत्या सात तलवारी, तिथे चवड्यांवर चालणारं कुणी नाही.

शनिवारी दुपारी लेक क्लासला गेल्यावर मांडले. पहिल्या जागी पेज ऑफ कप्स: फुलाफुलांच्या अंगरख्यातलं तरुण पोर, हातातल्या पेल्यातून डोकावणाऱ्या माशाकडे बघतंय. मी लगेच लिहिलं, "ही ती मुलगी." पेज, नाइट, क्वीन, किंग आले की हा सापळा हमखास लागतो, कारण चेहरा दिसला की आपण त्याला नाव देतो. खोडलं. पुन्हा चित्रच लिहिलं: कुणीतरी एका गमतीच्या गोष्टीत रमलंय. मग सुचलं, मला त्या मुलीच्या रूपाचा कधी त्रास झालाच नव्हता. मला बोचत होतं ते त्याचं हसणं. आमच्या दोघांत गेली दोन वर्षं दूध, फी, सासूबाईंच्या गोळ्या एवढंच बोलणं उरलं होतं आणि गंमत दुसरीकडे होत होती.

दुसरा फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स. बर्फातून चाललेली दोन फाटकी माणसं, वर उजेडाची रंगीत खिडकी. खिडकी आहे, पण आत जायचं दार चित्रात कुठेच नाही. यावर मी पानभर लिहिलं. सासूबाईंच्या आजारपणात मी अकाउंट्सची नोकरी सोडली होती. ती मुलगी जे काम करते ते मी नऊ वर्षं केलेलं आहे. तो ऑफिसच्या गोष्टी सांगायचा तेव्हा मी त्या खिडकीखाली उभी असायचे. हे वाक्य लिहून झाल्यावर मी बराच वेळ रडले.

तिसऱ्या जागी सिक्स ऑफ पेंटॅकल्स, हातात तराजू घेऊन दान देणारा श्रीमंत माणूस. समोर दोघं गुडघ्यावर, नाणी मात्र एकाच्याच हातात पडतायत. मला माझे बाबा आठवले, निकालाच्या दिवशी माझ्या आणि चुलतबहिणीच्या मार्कांची बेरीज शेजारी शेजारी मांडणारे. त्यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. दुसऱ्या कुणाला मिळालं म्हणजे आपल्या वाट्याचं गेलं, हा हिशेब माझ्यात किती जुना आहे ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

आणि चौथ्या जागी, मी काय करते या जागी, पुन्हा सेव्हन ऑफ स्वोर्ड्स.

योगायोग असेल. पण जागा बदलल्यामुळे त्याच्यावर ढकलायची सोय उरली नव्हती. चित्रात काय दिसतं ते लिहायला घेतलं: चवड्यांवर चालतोय, मागे बघतोय, कुणी जागं झालं तर नाही ना. हात थांबला. तीन रात्री मी अशीच उठले होते. चार्जरला लावलेला त्याचा फोन घेऊन बाथरूमचं दार लोटून मेसेज वाचले होते. सापडलं काहीच नाही, पण तेव्हा मला वाटलं होतं की त्याने पुसलं असेल. चित्रातला माणूस तलवारी पात्याने धरतो, मुठीने नाही. दोन तलवारी मागे रोवलेल्याच राहतात, म्हणजे चोरीही पुरती होत नाही. ज्या पत्त्यावरून मी नवऱ्याला चोर ठरवलं होतं, त्यात घरातली चोरी करणारी मी होते.

शेवटचा टू ऑफ कप्स. समोरासमोर उभे असलेले दोघं. मला एकदम हायसं वाटलं: म्हणजे त्याचं माझ्यावर प्रेम आहे! कर्ता पुन्हा 'तो'. दिलासाही पत्त्यांकडून असा परस्पर उचलता येत नाही, तोही संशयासारखाच त्याच्याबद्दलचा निकाल असतो. जागेचा प्रश्न होता माझ्या हातात काय आहे. चित्रात दोघांच्याही हातात स्वतःचा पेला आहे आणि तो पुढे धरलेला आहे. मी माझा पुढे धरलाच नव्हता, त्याच्या पेल्यात डोकावत होते. खिडकीखाली उभं राहिल्यासारखं वाटतं, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

त्या रात्री सांगायचं ठरवलं, पण जमलं नाही. दुसऱ्या रात्री लेक झोपल्यावर जेवणाच्या टेबलावर बसून सांगितलं, फोनचं आधी. तो काही वेळ बोललाच नाही. त्याला लागलं होतं, आणि मी "पण तू हसत होतास" असं म्हणायचं टाळलं, ते सगळ्यांत कठीण गेलं. मग उठून पत्ता आणला आणि टेबलावर ठेवला. त्याला टॅरोतलं काही कळत नाही. त्याने तो उचलून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "यात तू कुठे आहेस?"

मी त्या चवड्यांवर चालणाऱ्या माणसावर बोट ठेवलं.