आठ वाजता कुलूप

"संक्रांतीला आलेल्या बायकांना घड्याळ दाखवून उठवायचं, ही कसली गं तुमच्या तिकडच्या मंडळाची रीत?"

बेळगावच्या शहापुरात हळदीकुंकवाला गेले की कुणीतरी हे काढतंच. आईनेच सांगितलेलं असणार. तर एकदाचं सांगते.

आपल्याकडे बायका सातला येतात, नऊलाही येतात, आणि नाहीच जमलं तर रथसप्तमीपर्यंत सवड असते. इंग्लंडमधल्या आमच्या गावी १४ जानेवारीला सगळे कामावर, म्हणून पुढचा शनिवार. हॉल दोन ते आठ. त्यात टेबलं मांडणं आलं, आणि झाडून-पुसून, कचऱ्याच्या पिशव्या आपल्याच गाडीत घालून किल्ली देणंही आलं. मी निमंत्रणात 'दोन ते आठ' लिहिलं, तिथेच चुकले. 'तीन ते साडेसहा' लिहायला हवं होतं.

जेवणाचं मात्र नीट केलं होतं. साठ माणसं, पंधरा घरं. प्रत्येक घराने एकच पदार्थ, दहा जणांपुरता. तिथे फक्त गरम करायची परवानगी, म्हणून गूळपोळ्या घरूनच. तीळ आणि शेंगदाणे दोन्ही तिथल्या १४ ॲलर्जींच्या यादीत, त्यामुळे तिळगूळ वेगळ्या टेबलावर, चिठ्ठी लावून. बोरन्हाणाच्या पसाऱ्याचा विचारच केला नव्हता.

चारचं बोरन्हाण सव्वासहाला झालं, कारण बाळाची आत्या वाटेत अडकली. चुरमुरे, बोरं, हलवा पोराच्या डोक्यावरून ओतला आणि बाकीची पोरं तुटून पडली. चुरमुरे झाडूने निघतात. हलवा बुटांखाली चुरडला, आम्ही घाईने ओलं फडकं फिरवलं आणि लाकडी जमिनीवर साखरेचा पाक झाला. आधी सुकाच खरवडून गोळा करायचा असतो. खाली एक जुनी चादर अंथरली असती, तर चार टोकं उचलून काम झालं असतं.

सात वाजून दहा मिनिटं. कोपऱ्यात बेळगावहून आलेली आई खुर्चीवर बसून हळदीकुंकू लावत होती. रांगेत अजून नऊ बायका, त्यांत एक धारवाडची, एळ्ळू-बेल्लाची, म्हणजे त्यांच्याकडच्या तिळगुळाची पुडी घेऊन आलेली. "आई, पुरे आता, ऊठ," मी म्हणाले. सगळ्यांसमोर, मोठ्याने. आई काही बोलली नाही. बोटावरचं कुंकू पदराला पुसलं (नवी काळी साडी होती) आणि वाणाच्या वाट्या पिशवीत भरायला लागली. धारवाडच्या बाईंनी पुडी तिच्या मांडीवर ठेवली आणि कोट चढवला.

आठला किल्ली दिली. डिपॉझिट तरी अर्धं कापलंच, आईच्या खुर्चीखाली हळदीचा डाग होता म्हणून.

नियम चूक होता असं मी आजही म्हणणार नाही; रविवारी सकाळी तिथे दुसऱ्यांचा कार्यक्रम होता. पण नऊ बायकांना कितीसा वेळ लागतो? दहा मिनिटं? तेव्हा मला ती दहा मिनिटं पाकापुढे दिसलीच नाहीत. की दिसली होती?

पुढच्या वर्षी हळदीकुंकू सगळ्यांत आधी, तीनलाच घेतलं. आई आली नव्हती. उरलेल्या नऊ वाट्या तिने बेळगावला परत आणल्या होत्या. यंदा त्यांतलीच एक मला वाण म्हणून दिली.