सातबाऱ्यावर काकाचं नाव "अ.पा.क." म्हणून लागलं तेव्हा

गेल्या जूनमधली केस आहे, तेव्हापासून लिहायचं मनात होतं. नावं, गाव काही सांगणार नाही, मुळशी तालुक्यातलं आहे एवढंच. मी पुण्यात शिवाजीनगर कोर्टात दिवाणी कामं करते, जमिनीचीच जास्त.

एक बाई आल्या, वय पस्तीसच्या आसपास, सोबत तेरा वर्षांची मुलगी. मुलगा नऊ वर्षांचा, तो शाळेत होता. नवरा चाकणला कंपनीत होता, 2021 च्या दुसऱ्या लाटेत गेला. 2023 ला ताईंनी दुसरं लग्न केलं आणि मुलांना घेऊन हडपसरला राहायला आल्या. पिशवीतून दोन कागद काढले. एक सातबारा आणि एक शंभरच्या स्टॅम्पवरचा नोटरी केलेला कागद. आणि पहिलं वाक्य काय, तर "मॅडम, मी लग्न केलं म्हणून माझा आणि पोरांचा हक्क गेला, हे मला माहितीये, पण निदान पोरांच्या शिक्षणापुरते पैसे मिळतील का?"

मी म्हटलं ताई थांबा, हक्क गेला हे तुम्हाला कुणी सांगितलं. म्हणाल्या सगळ्यांनीच, दिराने, सासूने, गावातल्या माणसांनी, माहेरच्यांनी पण.

आधी सातबारा बघितला. 48 गुंठे. मुलांची नावं होती आणि पुढे "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून काकाचं नाव. वारस नोंद 2021 ला झाली तेव्हा तिथे आईचंच नाव होतं, लग्नानंतर एक फेरफार करून काकाचं लावलेलं. त्या फेरफारात कारण लिहिलंय "आईने पुनर्विवाह केल्याने". आणि आधाराला हाच शंभरचा स्टॅम्प, ज्यात ताईंनी लग्नाच्या आदल्या आठवड्यात लिहून दिलंय की मी मुलांचं पालकत्व दिरांकडे सोपवते आणि जमिनीवर माझा काही हक्क राहिलेला नाही.

हा कागद बघून मला राग आला. असे कागद मी याआधी पण बघितलेत, प्रत्येक वेळी लग्नाच्या तोंडावर सही घेतलेली असते, आणि बाईला लग्न मोडायची भीती असते म्हणून ती करते.

आता यात कायदा काय आहे ते नीट सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात हे चालू असणारच. गावात जे बोलतात त्याला मूळ आहे. 1856 च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यात खरंच लिहिलेलं होतं की विधवेने परत लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतला तिचा हक्क संपतो, आणि मुलांचा पालक नेमा म्हणून नवऱ्याकडचे लोक कोर्टात जाऊ शकायचे. तो कायदा 1983 ला रद्द झाला. त्याच्या कितीतरी आधी 1956 ला दोन नवीन कायदे आले, एक वारसाचा आणि एक अज्ञान मुलांच्या पालकत्वाचा, आणि चित्र बदललं. लोकांच्या तोंडात मात्र अजून 1856 च आहे.

वारसा कायद्यात नवरा मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगा, मुलगी आणि त्याची आई हे सगळे एका पायरीवर. तो गेला त्या दिवशीच हिस्सा मिळतो आणि बायकोचा हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा होतो, मग तिने दोन वर्षांनी लग्न केलं तरी तो काढून घेता येत नाही. म्हणजे 48 गुंठ्यात चौघांचे बारा बारा. ताई, दोन मुलं आणि सासूबाई. काकाचा त्यात एक गुंठा पण नाही. ताईंनी स्टॅम्पवर "हक्क नाही" लिहून दिलं त्याने त्यांचे बारा गुंठे गेले नाहीत, कारण जमिनीतला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र रजिस्टर करावं लागतं, नोटरीने होत नाही.

आणि पालकत्व? 1956 च्याच पालकत्वाच्या कायद्याचं कलम 6. बाप, आणि बापानंतर आई, ही नैसर्गिक पालक. आईने लग्न केलं तर तिचं पालकत्व जातं असं त्यात कुठेच नाही. धर्म बदलला किंवा संन्यास घेतला तर जातं असं आहे. उलट एक गोष्ट स्पष्ट लिहिलीये की बाप म्हणजे सावत्र बाप नाही. म्हणजे ताईंच्या नवीन मिस्टरांना या जमिनीवर पालक म्हणून सही करता येत नाही. काकाला तर नाहीच, तो या यादीतच नाही. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने पण पुनर्विवाह केलेल्या आईच्या केसमध्ये, ती मुलाच्या आडनावाची होती, आईच नैसर्गिक पालक हे धरून निकाल दिलाय. आणि पालकत्व ही जबाबदारी आहे, ती स्टॅम्पवर लिहून दुसऱ्याला कायमची देऊन टाकता येत नाही.

(हे हिंदू कायद्याचं, बौद्ध, जैन, शीख धरून. मुस्लिम कायद्यात मालमत्तेपुरती आई आपोआप पालक होत नाही, तिथे बापानंतर बापाने नेमलेला माणूस, मग आजोबा असा क्रम आहे, आणि त्यांच्यापैकी कुणी नसेल तर कोर्टातून नेमणूक घ्यावी लागते.)

पण ताईंना मी पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच होता. जमीन आली कुठून? यावर सगळं फिरतं. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची जमीन असेल आणि वाटप झालेलं नसेल, तर अज्ञान मुलाच्या न वाटलेल्या हिश्श्याला कलम 6 लागूच होत नाही, घरातला मोठा सज्ञान माणूस कर्ता म्हणून बघतो, तो काका पण असू शकतो, आणि कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी तो कोर्टाच्या परवानगीशिवाय विकू पण शकतो. तेव्हा आईने करायचं काय तर मुलांच्या वतीने वाटपाचा दावा. ताई म्हणाल्या गावात तशी वीस गुंठ्यांची एक वेगळी पट्टी आहे आजोबांच्या नावची. ती मी बाजूला ठेवली. हे 48 गुंठे मात्र नवऱ्याने 2012 ला स्वतःच्या पगारातून घेतलेले, खरेदीखत होतं. ते खरेदीखत मिळालं तेव्हा मला हायसं वाटलं, कारण काकाचा वकील सगळ्यात आधी "एकत्र कुटुंब" म्हणणार हे दिसतच होतं.

घाई का होती, तर काकाने बिल्डरशी पूर्ण 48 गुंठ्यांचं साठेखत केलं होतं. गुंठ्याला चार लाख, टोकन पाच लाख घेतलेले. मुलांच्या वतीने सही त्याची, सासूबाईंचा अंगठा, ताईंचं नावच नाही.

दावा लावला. वादी मुलं, "अज्ञानतर्फे आई", आणि आई स्वतः पण वादी. साठेखत आमच्यावर बंधनकारक नाही असं जाहीर करा आणि तोवर मनाई द्या. फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील वेगळं केलं. साठ दिवसांची मुदत उलटून गेलेली, म्हणून विलंब माफीचा अर्ज जोडला. फेरफार मालकी ठरवत नाही, पण बिल्डर आणि बँका आधी तोच बघतात.

मनाईच्या सुनावणीचा दिवस विसरणार नाही. कोर्टात गर्दी, पंखा गरगरतोय, ताई मुलीचा हात धरून मागच्या बाकावर, दुसऱ्या टोकाला दीर आणि सासूबाई. काकाच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे एकत्र कुटुंब म्हटलं, मग म्हणाले माझे अशील पालनकर्ता आहेत, सातबाऱ्यावर आहेत, आणि आईने स्वतः लिहून दिलंय. जज साहेबांनी खरेदीखत वाचलं, मग थेट काकालाच विचारलं, तुम्हाला पालक म्हणून कोर्टाने नेमलंय का? तो म्हणाला नाही साहेब, गावच्या कागदात आहे. मग विचारलं, अर्ज केला होता का कधी? म्हणाला, कशाला साहेब, मी सख्खा काका आहे.

तो खोटं बोलत नव्हता, त्याला मनापासून तसंच वाटत होतं. पण 1956 च्या पालकत्वाच्या कायद्याचं कलम 11 म्हणतं की नुसतं मुलांचं बघतो म्हणून कुणी त्यांच्या मिळकतीचा व्यवहार करू शकत नाही, आणि तसा केलेला व्यवहार मुळातच पोकळ असतो. काकाला खरंच वाटत असेल की आई मुलांचं नुकसान करतेय, तर 1890 च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्टखाली अर्ज करायचा, पुरावा द्यायचा, आणि मग कोर्ट मुलांचं हित बघून ठरवतं. त्यात आईचं नवीन घर कसं आहे हे पण कोर्ट बघतं, पण नुसतं लग्न केलं एवढ्यावर तिला बाजूला करत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी जैसे थेचा आदेश झाला.

आणि बाहेर आल्यावर खरी अवघड गोष्ट सुरू झाली. बिल्डरचा माणूस व्हरांड्यातच उभा होता, सरळ ताईंकडे आला, "ताई आता तुम्हीच पालक ना, मग तुम्ही सह्या करा, तोच रेट देतो." ताईंनी माझ्याकडे बघितलं. चोवीस गुंठे मुलांचे, शहाण्णव लाख होतात, भाड्याच्या घरात राहणाऱ्या बाईला ही रक्कम केवढी ते मला कळत होतं. तरी तिथेच सांगितलं की तुमचे बारा गुंठे तुमचे, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण मुलांचे तुम्हालाही असे विकता येणार नाहीत. 1956 च्या पालकत्वाच्या कायद्याचं कलम 8. आधी जिल्हा न्यायालयाची परवानगी, आणि ती मिळते गरज असेल किंवा मुलांचा उघड फायदा दिसत असेल तरच. फीच्या पावत्या, जमिनीचं मूल्यांकन, रेट बरोबर आहे का, पैसे कुठे ठेवणार, सगळं दाखवायचं. कोर्ट बहुतेक वेळा पैसे मुलांच्या नावाने बँकेत एफडी करायला लावतं. परवानगीशिवाय विकलं तर मुलगी अठराची झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकते, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि समोर प्रतिवादी म्हणून तुम्हीच असाल ताई.

मुलगी ऐकत होती. म्हणाली, "मग माझे बारा गुंठे मी मोठी होईपर्यंत राहू देत ना आई."

ताईंनी बिल्डरला नाही सांगितलं. विकण्याएवढी गरज आत्ता दाखवता येत नाही, फी त्या आणि त्यांचे मिस्टर भरतायत, त्यामुळे अर्ज केलाच तरी टिकला नसता असं माझं मत होतं आणि तसं मी स्पष्ट सांगितलं.

प्रांताकडचं अपील चार महिन्यांनी मंजूर झालं. आता सातबाऱ्यावर मुलांपुढे अ.पा.क. आई असं आहे. सासूबाई निकालाच्या दिवशी एकट्याच आल्या होत्या, सुनेशी बोलल्या नाहीत, पण मला विचारलं, "बाई, माझे बारा गुंठे मी नातवंडांच्या नावावर करू शकते का?" म्हटलं करू शकता, बक्षीसपत्र रजिस्टर करायचं, मुलांच्या वतीने स्वीकार आईने करायचा. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिची सही लागंल."

वीस गुंठ्यांच्या पट्टीचा वाटपाचा दावा या महिन्यात दाखल करतोय.