एकतीस जिंकले, तरी हाती अडीच हजार

काकांनी पहिल्यांदा आपल्या शेअरच्या सौद्यांची वही टेबलावर ठेवली तेव्हा एकच प्रश्न विचारला होता. "माझी पद्धत चालते की नाही, एवढंच सांग. चालत असेल तर रक्कम दुप्पट करतो." बँकेतून निवृत्त झालेले, कोथरूडला डहाणूकर कॉलनीत राहणारे, अक्षर मोत्यासारखं. मी पंधरा वर्षं चाकणच्या कारखान्यांतून क्वालिटीत काढली आणि आता लोकांच्या एक्सेल शीट बांधून देतो. शेअरबाजारातलं मला फार कळतं असं नाही. माप खरं आहे की खोटं, एवढं मात्र कळतं.

त्यांची पद्धत साधी. शेअर पन्नास दिवसांच्या उच्चांकाच्या वर बंद झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी डिलिव्हरीत, म्हणजे त्याच दिवशी न विकता खात्यात ठेवायला घ्यायचा, खाली स्टॉपलॉस म्हणजे भाव तिथवर उतरला की विकायचंच अशी किंमत लावायची, आणि वीस दिवसांच्या सरासरीखाली बंद होईपर्यंत धरून ठेवायचा. वहीत तारीख, शेअर, घेतला, विकला, नफा-तोटा आणि शेरा असे रकाने होते. शेऱ्यात "बाजार खराब", "घाई झाली", "मन मानलं नाही". स्टॉपलॉसचाही रकाना होता, पण त्यात आकडा खोडून दुसरा, तो खोडून तिसरा. सुरुवातीला स्टॉप नेमका कुठे होता, हे चौसष्टपैकी जेमतेम वीस सौद्यांत वाचता येत होतं.

त्या वहीतून त्यांच्या प्रश्नाचं उत्तर निघणं शक्य नव्हतं. एका सौद्यात चार हजार गेले हे वाईट की ठीक, हे त्या सौद्यात किती घालवायची तयारी होती त्यावर ठरतं. ती तयारी म्हणजे ठरलेली किंमत आणि पहिला स्टॉप यांतलं अंतर, गुणिले शेअरची संख्या. ट्रेडर लोक याला एक आर म्हणतात. पहिला स्टॉपच पुसला गेला की आर गेला, आणि आर गेला की सौद्यांची एकमेकांशी तुलना गेली. प्रत्यक्ष भाव ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर मिळतो. मनात ठरवलेला स्टॉप कुठल्याच कागदावर मिळत नाही.

पहिला साचा मी बनवला तो फसला, आणि चूक माझी होती. एकतीस रकाने. त्यात "मनःस्थिती, १ ते १०" असाही एक. दोन आठवड्यांनी पाहिलं तर नफ्याच्या प्रत्येक सौद्यात मनःस्थिती ८ किंवा ९, तोट्याच्या प्रत्येकात ३ किंवा ४. म्हटलं, वा, काय शोध लागला! मग गूगल शीटचा बदलांचा इतिहास उघडला. काका तो रकाना रात्री, सौदा बंद झाल्यावर भरत होते. त्यात मनःस्थिती नव्हतीच, निकालच दुसऱ्या कपड्यात बसला होता. कारखान्यात हेच व्हायचं: तपासणीचा कागद शिफ्ट संपताना एका दमात भरला की सगळी मापं मर्यादेच्या आत.

म्हणून दुसऱ्या साच्यात एकच गोष्ट पक्की केली. ओळ सौदा झाल्यावर नव्हे, सिग्नल आला, म्हणजे शेअर त्या उच्चांकाच्या वर बंद झाला, त्याच संध्याकाळी जन्माला येणार. त्यासाठी गूगल फॉर्म केला. शेअरचं नाव, ठरलेली किंमत म्हणजे त्या दिवसाचा बंद भाव, पहिला स्टॉप, संख्या. बटण दाबलं की वेळेचा शिक्का आपोआप बसतो. उत्तरांच्या शीटवर काकांना फक्त बघण्याचा हक्क दिला. यावर ते दोन दिवस रुसले होते. "माझ्याच पैशांचा हिशेब आणि मलाच हात लावायची बंदी?"

बाकीचे रकाने नंतर भरायचे: घेतला की सोडला, सोडला तर का, प्रत्यक्ष खरेदी, प्रत्यक्ष विक्री, खर्च, आणि विक्रीचं कारण. कारणं लिहायची नाहीत, यादीतून निवडायची. विक्रीसाठी तीनच: स्टॉप लागला, सरासरी तुटली, मनाने. मोकळा शेरा वाचायला गोड असतो, पण मोजता येत नाही. सोडलेल्या सिग्नलची ओळ मात्र थांबवायची नाही. नियमाने घेतला असता तर काय झालं असतं, तेही शेवटपर्यंत लिहायचं.

आरचं सूत्र असं ठेवलं. B ठरलेली किंमत, C पहिला स्टॉप, D संख्या, E खरेदी, F विक्री, G खर्च:

```
=((F2-E2)*D2-G2)/((B2-C2)*D2)
```

भागाकाराच्या खाली ठरलेली किंमत आहे, प्रत्यक्ष खरेदी नाही. यावरून आमचा बराच वाद झाला. एक ओळ समोर होतीच. संध्याकाळी ठरलं: किंमत ४००, स्टॉप ३८४, म्हणजे शेअरमागे १६ रुपयांचा धोका. एका सौद्यात तीन हजारच घालवायचे, म्हणून १८७ शेअर. सकाळी सव्वानऊला शेअर वर उघडला, काकांना ४०६ला मिळाला, आणि आठवड्याभरात स्टॉप लागून ३८३ला विकला गेला. शेअरमागे २३ गेले. प्रत्यक्ष खरेदीपासूनचं अंतर २२ धरलं तर तोटा एक आरच्या किंचित वर दिसतो, सगळं शिस्तीत. ठरलेल्या १६ने भागलं तर ४,३०१ रुपयांचा तोटा, वर सुमारे १८५ खर्च, मिळून दीड आर. ते सहा रुपये चढ्या भावाने घेण्याचं नुकसान पहिल्या हिशेबात भाजकात शिरून लपतं. काका म्हणाले, "म्हणजे बँकेत तारण फुगवून दाखवायचे तसं." अगदी तसंच.

खर्चाचा रकाना त्यांना फालतू वाटत होता. डिलिव्हरीत घेताना आणि विकताना दोन्हीकडे ०.१ टक्का एसटीटी म्हणजे सौद्यावरचा कर, खरेदीवर ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क, शिवाय एक्स्चेंजचे आणि डीमॅट खातं सांभाळणाऱ्या डीपीचे किरकोळ. पाऊण लाखाच्या सौद्याला ते १८५ म्हणजे ०.०६ आर. आकडा एवढासा दिसतो. पुढे तो कशाशी तोलायचा आहे ते येईलच.

आठ महिन्यांनी, पाऊस धरलेल्या एका दुपारी, काका भिजलेली छत्री दारात टेकवून बसले आणि आम्ही शीट उघडली. ९४ सिग्नल. ५८ घेतलेले, ३६ सोडलेले. घेतलेल्यांत ३१ नफ्यात. काका खूश: "निम्म्याहून जास्त बरोबर!" मग आरची बेरीज केली. अठ्ठावन्न सौद्यांची मिळून ०.८३ आर. तीन हजारांच्या हिशेबाने आठ महिन्यांत अडीच हजार रुपये. जिंकलेला सौदा सरासरी ०.९५ आर देत होता आणि हरलेला १.०६ घेत होता.

शेजारच्या रकान्यात याच ५८ सौद्यांचा "नियमाने" निकाल होता. खरेदी काकांच्याच भावाने, फक्त विक्री नियमाने. तिथे नफ्यात फक्त २३, पण बेरीज ९.२५ आर. काकांनी चष्मा काढून पुसला. "कमी वेळा बरोबर, आणि पैसे जास्त?"

फरक होता "मनाने" विकलेल्या बावीस ओळींत. मीही इथे लगेच निष्कर्ष काढणार होतो की काका घाईने विकतात. पण बावीसच ओळी, म्हणून एकेक पाहिली. एक शेअर काकांनी ०.८ आरला विकला होता, नियमाने तो ६.१ला निघाला. दुसरा ०.६ला विकला, नियमाने ४.४. या दोनच ओळींचा फरक ९.१ आर. त्या हाताने झाकल्या तर उरलेल्या वीस ओळींत काकांनी नियमापेक्षा उलट पाऊण आरच्या आसपास वाचवलं होतं. त्यांचं "मन" वीस वेळा ठीकठाक होतं. पण या पद्धतीचा सगळा नफा थोड्या लांब पळणाऱ्या शेअरमध्ये असतो, आणि मन नेमकं त्यांनाच आधी सोडतं.

"बरं, मी नियम पाळतो. मग दुप्पट करू?"

मग सगळ्या ९४ ओळी नियमाने घेतल्या असं धरून सरासरी काढली. सोडलेल्या ओळींना खरेदीचा भाव नव्हता, म्हणून दुसऱ्या सकाळचा उघडता भाव आणि खर्च धरला; स्टॉपच्या खाली उघडला असेल तर विक्रीही उघडत्या भावाने. सरासरी सिग्नलमागे ०.१८ आर. खर्च आधीच वजा झालेला, नाहीतर ०.२४ दिसली असती; पावभाग त्या "फालतू" रकान्याने खाल्ला होता. नियमाचे आर I रकान्यात होते. ही सरासरी किती डळमळीत आहे ते बघायला खालच्या चौकटीत हे लिहिलं:

```
=STDEV.S(I2:I95)/SQRT(COUNT(I2:I95))
```

उत्तर तेही ०.१८. सरासरीच्या दोन्ही बाजूंना त्याची दुप्पट धरायची, म्हणजे खरी सरासरी साधारण उणे ०.१८ ते अधिक ०.५४ यांत कुठेही असू शकते. शून्य त्या पट्ट्यात आरामात बसतं. काकांना म्हटलं, पद्धत चालत नाही असं नाही, चालते असंही म्हणता येत नाही. हीच सरासरी खरी असेल तर शून्याच्या वर आहे असं बऱ्यापैकी म्हणायला अनिश्चितता निम्मी व्हायला हवी, आणि त्यासाठी ओळी चौपट लागतात. साधारण ३८०. याच वेगाने मोजलं तर आणखी दोन वर्षं.

ते काही वेळ खिडकीकडे बघत बसले. मग माउस स्वतःच्या हातात घेतला, तारखेचा रकाना खाली सरकवत नेला आणि एका ठिकाणी थांबले. "हे बघ. या सोमवारी नऊ सिग्नल आले. सगळे एकदम वर गेले, आठवड्यात सगळे एकदम पडले. हे नऊ धरायचे की एक?"

हे मी स्वतः सांगायला हवं होतं. एकाच लाटेवरचे नऊ शेअर म्हणजे नऊ वेगळे पुरावे नव्हेत; असे गठ्ठे जितके जास्त, तितक्या ९४ ओळी प्रत्यक्षात कमी, आणि माझा तो पट्टा आणखी रुंद. आम्ही त्याच दुपारी एक रकाना वाढवला, "त्या दिवशी एकूण सिग्नल", आणि सरासरी ओळींऐवजी आठवड्यांच्या बेरजेवरही काढायचं ठरलं.

रक्कम दुप्पट झाली नाही. जाताना काका म्हणाले, एक आर तीन हजारच राहू दे, आणि फॉर्मची अक्षरं तेवढी मोठी कर, संध्याकाळी चष्म्यातूनही स्टॉपचा आकडा नीट दिसत नाही.